जुनं सोनं मोडून नवा दागिना: कर ३ टक्के की ५ टक्के?

प्रश्न: “सासूबाईंच्या जुन्या पाटल्या मोडून मुलीच्या लग्नासाठी तोडे करायचे आहेत. एक सराफ म्हणतो, पूर्ण किमतीवर ३ टक्के जीएसटी लागेल. दुसरा म्हणतो, सोनं तुमचंच आहे, फक्त मजुरीवर ५ टक्के. नेटवर तर सोन्यावर ३ आणि घडणावळीवर ५ असं लिहिलंय. आपल्याच सोन्यावर परत कर का भरायचा?”

दोन्ही सराफ आपापल्या जागी बरोबर असू शकतात. चूक नेटवर वाचलेल्या वाक्यात आहे, म्हणजे निदान तुम्ही ज्या अर्थाने ते वाचलंय त्या अर्थाने. मी गेली बावीस वर्षं सराफांची आणि कारागिरांची खाती लिहितोय, त्यातली बरीचशी कोल्हापूरच्या गुजरीतली. हा गोंधळ जीएसटी आला तेव्हापासून दर लग्नसराईत माझ्या टेबलावर येतो. तो सुटतो एकाच प्रश्नाने: तुमच्या हातात जे तोडे पडणार आहेत, त्यातलं सोनं सराफाने तुम्हाला विकलेलं असेल की तुम्ही त्याला घडवायला दिलेलं?

कापडाचं उदाहरण घ्या. दुकानातून तयार शर्ट घेतला तर दुकानदार कापडाचे इतके आणि शिलाईचे इतके असे दोन कर लावत नाही. शर्ट ही एकच वस्तू. कापड घरचं असेल आणि शिंप्याकडे टाकलं, तर शिंपी फक्त शिलाईचं बिल करतो. सोन्याचं तसंच आहे. फरक इतकाच की सराफाच्या बिलात सोन्याचा भाव आणि घडणावळ वेगवेगळ्या ओळीत दिसतात, म्हणून करही वेगवेगळा असेल असं वाटतं.

आधी तयार दागिन्याचं पाहू. सराफ स्वतःच्या सोन्याचा दागिना विकतो तेव्हा घडणावळ हा त्या दागिन्याच्या किमतीचाच भाग असतो. कायदा याला संमिश्र पुरवठा म्हणतो. त्यात मुख्य वस्तूचा जो दर, तोच सगळ्या रकमेला लागतो. मुख्य वस्तू दागिना आणि त्याचा दर ३ टक्के, दीड केंद्राचा आणि दीड राज्याचा. म्हणून सोनं अधिक घडणावळ, या बेरजेवर ३. घडणावळ टक्क्यात लावलेली असो, ग्रॅममागे असो की नगामागे ठोक असो, दर बदलत नाही. बिलावरच घडणावळीत सूट दाखवली असेल तर सूट वजा जाऊन उरलेल्या रकमेवर कर लागतो.

मग हा ५ टक्क्यांचा आकडा आला कुठून? तो सराफ आणि कारागीर यांच्यातला आहे. पेढी कारागिराला शुद्ध सोनं देते, कारागीर बांगड्या घडवून आणतो आणि मजुरीचं बिल करतो. कारागिराची जीएसटी नोंदणी असेल तर त्या मजुरीवर ५ टक्के लागतात. सराफ ते भरतो आणि पुढे आपल्या विक्रीच्या करातून वळते करून घेतो. हा व्यवहार तुमच्या बिलात दिसतच नाही. पण ‘मेकिंग चार्जेसवर ५ टक्के’ एवढंच वाक्य बाहेर पडलं आणि गिऱ्हाइकांच्या लेखांत जाऊन बसलं. काही लहान दुकानांची बिलाची सॉफ्टवेअरसुद्धा तशीच भरलेली मी पाहिली आहेत.

आता तुमच्या तोड्यांचा हिशेब मांडू. भाव रोज हलतो, म्हणून सोपं जावं यासाठी २२ कॅरेटचा ग्रॅमला १०,००० रुपये धरतो. पाटल्या मोडून ९१६ च्या हिशेबाने ३० ग्रॅम सोनं निघालं असं समजू. वजन कसं उतरतं ते पुढे सांगतो.

पहिला सराफ म्हणतो तो मार्ग मोडीचा, म्हणजे अदलाबदलीचा. तोडे ३० ग्रॅमचे, सोन्याचे ३,००,०००. घडणावळ १० टक्के, म्हणजे ३०,०००. बेरीज ३,३०,०००, त्यावर ३ टक्के म्हणजे ९,९००. एकूण ३,३९,९००. यातून तुमच्या मोडीचे वजा होतात. पूर्ण भाव दिला तर ३,००,००० वजा जाऊन तुम्ही ३९,९०० रोख देता. हॉलमार्कचे नगामागे ४५ रुपये आणि त्यावरचा कर वेगळा, दोन तोड्यांचे मिळून शंभर रुपयांच्या आसपास. नेटवरच्या वाक्याप्रमाणे सोन्यावर ३ आणि घडणावळीवर ५ लावले असते तर कर १०,५०० झाला असता, म्हणजे ६०० रुपये जास्त. तसं बिल कुणी पुढे केलं तर सही करण्याआधी विचारा.

पण तुमचा खरा प्रश्न त्या ९,९०० चा आहे. सोनं आपलंच, मग तीन लाखांवर कर कशाला? कारण या मार्गात तोड्यांतलं सोनं तुमचं नसतं. कागदावर दोन व्यवहार होतात. तुम्ही पाटल्या सराफाला विकता, आणि त्याच्याकडून दुसऱ्या सोन्याचे तोडे विकत घेता. पहिल्या व्यवहारावर जीएसटी नाही, कारण घरच्या माणसाने दागिना मोडणं हा धंदा नव्हे. जुलै २०१७ मध्ये त्यावरही सराफाला ३ टक्के भरावे लागतील अशी बातमी आली होती आणि एका दिवसात सरकारने खुलासा करून ती मागे घेतली. दुसऱ्या व्यवहारावर मात्र पूर्ण किमतीवर कर आहे. मोबदला रोखीने आला की सोन्याने, यामुळे तोड्यांची किंमत कमी होत नाही.

इथे बरेच जण सराफाला गळ घालतात की मोड वजा करा आणि उरलेल्या ३०,००० वरच ३ टक्के घ्या, म्हणजे ९०० रुपयांत काम होईल. काही सराफ तसं करूनही देतात. हे चुकीचं आहे. जुना दागिना नुसता पॉलिश करून तसाच पुन्हा विकला तर सराफाला फक्त नफ्यावर कर भरण्याची सोय आहे. पण ती त्या जुन्या दागिन्याच्या पुढच्या विक्रीला आहे. वितळवलेल्या पाटल्यांना आणि तुमच्या नव्या तोड्यांना ती लागू होत नाही.

दुसरा मार्ग घडवून घेण्याचा. पाटल्या तुमच्यासमोर वितळवल्या, ते सोनं तुमच्या नावाने जमा झालं आणि त्याचेच तोडे घडले. यात सोन्याची विक्री झालीच नाही, म्हणून त्याच्या किमतीवर कर नाही. कर फक्त मजुरीवर. समजा सराफाने ग्रॅममागे ७०० रुपये मजुरी आणि ३ टक्के घट सांगितली. ३० ग्रॅमची मजुरी २१,०००. घट ०.९ ग्रॅम, तिची किंमत ९,०००. म्हणजे तोडे २९.१ ग्रॅमचे उतरतील, आणि घडवण्याचा खर्च मिळून तेवढाच ३०,००० पडला. त्यावर ५ टक्के म्हणजे १,५००. पहिल्या मार्गातल्या ९,९०० च्या जागी १,५००, म्हणजे ८,४०० रुपयांचा फरक.

मी ५ टक्के फक्त २१,००० वर न लावता ३०,००० वर लावले, हे लक्षात घ्या. घासताना, झाळताना थोडं सोनं खरंच जातं. पण सांगितलेली घट सहसा त्याहून जास्त असते आणि वरचं सोनं सराफाकडे राहतं. तो मोबदलाच आहे, फक्त सोन्यात दिलेला. बिलात बहुतेक वेळा रोख मजुरीवरच कर दिसतो. पण घट वेगळी लिहून घ्या, नाहीतर मजुरी स्वस्त वाटते आणि फरक वजनातून जातो. दोन सराफांची तुलना करताना मी नेहमी असंच सगळं रुपयांत आणून मांडतो.

आता या ५ टक्क्यांतली एक गाठ, जी दुसऱ्या सराफाने बहुधा सांगितली नसेल. हा ५ टक्क्यांचा दर जॉब वर्कचा आहे, आणि कायद्यात जॉब वर्कची व्याख्या ‘दुसऱ्या नोंदणीकृत व्यक्तीच्या’ मालावर केलेलं काम अशी आहे. तुम्ही गृहिणी असा की नोकरदार, जीएसटीत तुमची नोंदणी नाही. त्यामुळे अक्षरशः वाचलं तर तुमच्या सोन्यावरची मजुरी त्या ५ टक्क्यांच्या नोंदीत बसत नाही, ती १८ टक्क्यांच्या सर्वसाधारण नोंदीत जाते. नोव्हेंबर २०१९ च्या एका परिपत्रकात केंद्राने इतर वस्तूंच्या कामाबद्दल नोंदणीकृत आणि अनोंदणीकृत मालकात हाच फरक केला आहे. बाजारात मात्र घरगुती गिऱ्हाइकाच्या मजुरीलाही सर्रास ५ लावतात. माझे अशील असलेल्या सराफांना मी ही जोखीम लेखी कळवतो. गिऱ्हाईक म्हणून तुमच्या दृष्टीने सांगायचं तर, एखाद्या काटेकोर पेढीने १८ लावले तर ती लुबाडते आहे असं समजू नका. ३०,००० वर १८ टक्के म्हणजे ५,४००. तेही ९,९०० पेक्षा कमीच आहेत.

तुमचा घरोब्याचा सोनार असेल आणि त्याची वर्षाची मजुरी २० लाखांच्या आत असेल, तर त्याला नोंदणीच लागत नाही आणि मजुरीवर कर शून्य. फक्त हॉलमार्कचं आधी विचारा. भारतीय मानक ब्युरोकडे नोंदलेल्या सराफामार्फतच दागिना हॉलमार्कला जातो. सोनाराकडे ती सोय नसेल तर तोड्यांवर एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, येणार नाही आणि पुढे मोडताना प्रश्न येतील. आणखी एक दुकान लहान गावात भेटतं, ते म्हणजे कंपोझिशन योजनेतलं, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर स्वतःच्या खिशातून भरणारं. त्याच्या बिलावरच लिहिलेलं असतं की गिऱ्हाइकाकडून कर घेण्याचा हक्क नाही. अशा बिलात जीएसटीची वेगळी ओळ असेल तर ते पैसे देऊ नका.

आता वजनाचं. यातच जास्त पैसे हलतात, करापेक्षाही. सासूबाईंच्या काळातल्या पाटल्यांवर ठसा नसतो. काट्यावर त्या ३२ ग्रॅम भरल्या असं धरू. मुशीत टाकणखार घालून वितळवल्या की सांध्यांतला मळ आणि कुठे लाख भरलेली असेल तर ती जळून जाते. गार झाल्यावर जो गोळा निघतो तो समजा ३१.२ ग्रॅम. मग टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, काढतात. जुन्या दागिन्यात झाळणीचा डाग जास्त, म्हणून तो ८८ येणं अजिबात नवल नाही. ३१.२ चे ८८ टक्के म्हणजे २७.४६ ग्रॅम शुद्ध सोनं. त्याला ०.९१६ ने भागलं की जवळजवळ ३० ग्रॅम, २२ कॅरेटचं. मी वर जे ३० धरले ते इथून आले. हा भागाकार सराफाकडून कागदावर मांडून घ्या. ‘८८ टंच आहे, १२ टक्के कट’ असं तोंडी सांगून नव्या २२ कॅरेटच्या भावाने हिशेब करणं म्हणजे तुमचं नुकसान, कारण नवा दागिनाही शंभर टक्के नाही, ९१.६ च आहे. ३१.२ तून १२ टक्के कापले की २७.४६ ग्रॅम होतात आणि तेवढ्यालाच २२ चा भाव मिळाला, तर अडीच ग्रॅम, म्हणजे आपल्या हिशेबाने पंचवीस हजार रुपये गेले. ज्या कराबद्दल तुम्ही विचारताय त्याच्या अडीचपट.

टंचाबद्दल शंका असेल तर पाटल्या मोडण्याआधी मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात तपासून घ्या. चार नगांपर्यंतच्या तपासणीचं मूळ शुल्क २०० रुपये आहे आणि अहवाल तुमच्या हातात मिळतो.

घडवून घेण्याचा मार्ग धरलात तर तो कागदावरही तसाच दिसला पाहिजे. सोनं देताना जमा पावती घ्या: तुमचं नाव, वितळल्यानंतरचं वजन, टंच, कोणता दागिना करायचा, मजुरी आणि घट किती. शेवटच्या बिलात ९९८८ या सेवेच्या क्रमांकाची मजुरीची एक ओळ असेल आणि सोन्याची किंमत नसेल. याउलट बिलात ७११३ हा क्रमांक आणि सोन्याचा भाव असेल तर ती दागिन्याची विक्री आहे, ३ टक्केवाली, मग तोंडाने कुणी काहीही सांगो. तोडे थोडे जड हवेत म्हणून सराफाने स्वतःचे पाच ग्रॅम घातले, तर त्या पाच ग्रॅमची विक्री वेगळी दाखवायला सांगा, तिला ३ लागतील.

शोकेसमधले तोडे पसंत करून, पाटल्या काउंटरवर ठेवून, तासाभरात घरी यायचं आणि बिल मात्र फक्त मजुरीचं मागायचं, हे चालत नाही. ते तोडे तुमच्या पाटल्यांतून झालेलेच नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका पेढीने वर्षभर अशीच बिलं केली होती. त्यांच्या साठ्याच्या वहीत तयार तोडे कमी होत होते आणि विक्री कुठेच नव्हती. कारागिराला सोनं दिल्याच्या नोंदीही नव्हत्या. तपासणी झाली तेव्हा अधिकाऱ्याने वजनांचा मेळ मागितला आणि सगळी बिलं विक्री धरून फरक, व्याज आणि दंड लावला. ती पेढी बाप-लेक दोघं चालवत होते. त्यांनी गिऱ्हाइकांचे पैसे वाचवायला म्हणून हे केलं होतं, स्वतःच्या खिशात एक रुपया घातला नव्हता. तेव्हा मी त्यांचं काम बघत नव्हतो, पण त्या वह्या उलगडताना मला फार वाईट वाटलं होतं.

आता कोणता मार्ग घ्यायचा हे तुमच्या लग्नाच्या तारखेवर आणि सराफावर आहे. घडवायला दोन-तीन आठवडे लागतात, लग्नसराईत जास्त. नक्षी मनासारखी उतरली नाही तर परत करता येत नाही, कारण वस्तू तुमचीच. मोडीच्या मार्गात पसंत पडेल ते उचलता येतं. वेळ असेल आणि समोर वितळवून देणारा, पावती लिहून देणारा सराफ मिळाला, तर मी घडवून घ्या म्हणेन. वेळ नसेल तर ३ टक्के द्या, पण टंचाचा भागाकार नीट करून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तीन लाखांचा व्यवहार आहे म्हणून सांगतो. मोड देणं ही आयकराच्या दृष्टीनेही विक्रीच असते आणि नव्या दागिन्यासाठी केली तरी भांडवली नफा निघतो. पाटल्या वारशाने आलेल्या असतील तर सासूबाईंची खरेदी किंमत धरतात, आणि खरेदी २००१ च्या आधीची असेल तर १ एप्रिल २००१ ची बाजारकिंमत धरता येते. नफा दीर्घ मुदतीचा, दर साडेबारा टक्के. मूळ सूट-मर्यादेत उत्पन्न असेल तर बोजा कमी होतो. सोनं घडवायला दिलं तर मालकी बदलत नाही, म्हणून हा प्रश्नच येत नाही. पाटल्या अजून सासूबाईंच्याच असतील आणि त्या हयात असतील, तर मोडीची पावती त्यांच्याच नावाने करा, सुनेच्या नावाने नको.